मुलाखतीचं शब्दांकन यंत्राचं की माणसाचं, हे तपासता येतं का?

शेवंती_नेरुळ

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी यंदा प्रकल्पग्रस्त गावांतल्या ज्येष्ठांच्या मुलाखती घेतोय. नवी मुंबई उभी राहण्याआधीची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, मग सिडकोचं जमीन संपादन आणि १९८४ चं जासईचं आंदोलन. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे घाई आहे. मुलाखती घेणारी मुलं कॉलेजातली. मोबाइलवर रेकॉर्ड करतात, घरी जाऊन शब्दांकन करतात आणि मला फाइल पाठवतात.

संपादक मंडळातल्या एका सदस्यांनी आलेल्या सगळ्या फाइली एआय ओळखणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकल्या. दोन फाइलींवर ‘बहुतांश यंत्रलिखित’ असा शेरा आला. एक बेलापूर पट्ट्यातल्या आजोबांची मुलाखत, दुसरी उरणकडच्या एका आजींची. सदस्यांचं म्हणणं, दोन्ही काढून टाका आणि त्या मुलांना पुन्हा काम देऊ नका. आजोबांकडे गेलेला मुलगा अगदी रडवेला झालाय. तो म्हणतो, मॅडम, मी दोन वेळा त्यांच्या घरी जाऊन बसलो, एक वाक्यही मनाचं घातलेलं नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. माणूस बोलला आणि दुसऱ्याने ते लिहून काढलं, अशा मजकुरावर ही तपासणी चालते का? चालत नसेल, तर मी मंडळापुढे काय ठेवू?

जुईनगरकर

चालते, पण थोडी अक्कल वापरावी लागते. ही संकेतस्थळं शब्द किती अपेक्षित आहेत ते बघतात. यंत्र पुढचा शब्द निवडताना बहुतेक वेळा सगळ्यात शक्य असलेल्यांपैकी एक घेतं, त्यामुळे मजकूर गुळगुळीत होतो. माणूस मधेच भलताच शब्द टाकतो, एक वाक्य लांब, एक अगदी तोकडं. म्हणून बोललेल्या मजकुरात यंत्र सापडणं उलट सोपं असायला हवं. तुम्ही फक्त ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ना’, ‘काय झालं की’ किती आहेत ते मोजा. जिथे एकही नाही ती यंत्राची.

अनघा_पाचपाखाडी

जुईनगरकर, गुळगुळीतपणाबद्दलचं तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे. मोजणीचा उपाय मात्र शब्दांकनाला लागू होत नाही, आणि त्यात एखाद्या चांगल्या मुलावर नाहक आळ येईल. मी बरीच वर्षं मुलाखती आणि भाषणं लिहून काढायचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे दिवाळी अंकात मुलाखत छापताना ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कधीच ठेवत नाहीत. शब्दांकन करणारी व्यक्ती अर्धवट वाक्यं पुरी करते, पुनरुक्ती काढते, क्रम लावते. संगणक घरोघरी येण्याच्या आधीपासून हेच चालत आलंय. म्हणजे बोलण्यातला खडबडीतपणा, ज्याच्यावर ती तपासणी उभी आहे, तो आम्ही माणसंच पैसे घेऊन काढत आलो. आता बोलणं ऐकून मजकूर करणारी सॉफ्टवेअरंही हे शब्द बरेचदा आपोआप गाळतात. आणि उलट बाजूने, एखाद्याने यंत्राला सांगितलं की ‘अडखळत बोलल्यासारखं लिही’, तर ते हवे तेवढे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ घालून देतं. तुमची मोजणी त्यात सपशेल फसते.

संकेतस्थळांच्या आकड्यांबद्दल. ओपनएआयने स्वतःचं असं एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. त्यांनीच जाहीर केलं होतं की त्यांच्या चाचणीत यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर त्याने चुकीचा शिक्का मारला. इंग्रजी सोडून इतर भाषांत ते वापरू नका, असंही त्यांनी सांगितलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून ते बंद केलं. त्यानंतर साधनं सुधारली आहेत, पण ती मुख्यतः इंग्रजी निबंध आणि लेखांवर घडवलेली. तुमच्याकडे आहे आगरी बोलीतलं बोलणं, ते मराठीत उतरवलेलं, आणि मधे कुणाकुणाचे हात लागलेले.

शेवंतीताई, सांगाल का, आजोबांच्या मुलाखतीचं मूळ रेकॉर्डिंग आहे का? आणि त्या मुलाने ते लिहून काढल्यावर पुढे काय काय केलं, हे विचारलंत का? ‘तू एआय वापरलंस का’ असं विचारू नका. पायऱ्या विचारा: ऐकून हाताने टाइप केलंस का, मग कुठे चिकटवलंस, मग काय दुरुस्त केलंस.

मीनल_ऐरोली

हा विषय निघाला ते फार बरं झालं. मी ऐरोलीत एका कंपनीत भरती बघते. ऑनलाइन मुलाखतीत मुलं दुसऱ्या स्क्रीनवर चॅटबॉट लावून उत्तरं वाचतात, हे आता उघड आहे. आमच्या मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधून संभाषणाचा मजकूर आपोआप निघतो. तो तपासून घ्यावा, असा प्रस्ताव आमच्याकडे आलाय. म्हणजे उमेदवार बोलला ते खरं, पण शब्द त्याचे का? कुणी केलंय का असं?

अनघा_पाचपाखाडी

मीनल, तुमची मुलाखत वेगळी आणि शेवंतीताईंची वेगळी, पण अडचण एकच. तुमच्याकडे येणारा मजकूर उमेदवाराने लिहिलेलाच नाही, तो तुमच्या मीटिंगच्या सॉफ्टवेअरने लिहिलाय. विरामचिन्हं त्याची, वाक्य कुठे तोडायचं ते त्याने ठरवलेलं, अडखळणं त्याने गाळलेलं. त्यावर यंत्राचा शेरा आला तर तो उमेदवाराबद्दल आहे की तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल, हे कसं वेगळं करणार? त्यातून जो इंग्रजीत बेताचा आहे, ठरलेल्या साच्यातली वाक्यं पाठ करून येतो, त्याच्यावर शेरा येण्याची शक्यता जास्त. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेचे ९१ निबंध सात साधनांतून घातले होते. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले. सरासरीने निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. तुमच्याकडे वसई, पेण, सांगलीहून येणारी मुलं नेमकी याच जागी उभी आहेत.

वाचून दाखवतोय असा संशय आला, तर तिथल्या तिथे त्याच्याच उत्तरातला एखादा धागा पकडून पुढचा प्रश्न विचारा. नंतर मजकूर तपासून ते कळणार नाही.

शेवंती_नेरुळ

अनघाताई, तुम्ही सांगितलंत तसंच विचारलं. रेकॉर्डिंग आहे, ५२ मिनिटांचं. मुलाने आधी ऐकून बोलीतच हाताने टाइप केलं. मग ‘छापण्याजोगं शुद्ध मराठी कर’ असं सांगून एका चॅटबॉटमधून काढलं, कारण त्याला वाटलं आगरी छापलं तर लोक नावं ठेवतील. त्याने पहिली फाइल जपून ठेवली होती, ती मला दिली. मी रेकॉर्डिंगमधलं एक मिनिट त्याच्याशी ताडून बघितलं, शब्दन् शब्द बरोबर आहे. तो तुकडा इथे देते.

मूळ: ‘पानी यायचा ना... उधानाचा पानी, तो बांध फोरून आत. मंग आमी सगली, रातचे, बाया पन, माती टाकाला. मना आठवतं... नाय, मी लहान व्हतो तवा, बापूस सांगं. बांध गेला तं शेत गेला.’

चॅटबॉटने केलेलं: ‘भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी बांध फोडून शेतात शिरत असे. अशा वेळी गावातील सर्व स्त्री-पुरुष रात्री एकत्र येऊन मातीने बांध दुरुस्त करत. बांध वाहून गेल्यास संपूर्ण शेती नष्ट होत असे.’

म्हणजे संकेतस्थळ बरोबर होतं असं म्हणायचं का?

उरणचा_पोर

हे वाचून जीव कळवळला. ‘बापूस सांगं’ कुठे गेलं?

अनघा_पाचपाखाडी

उरणचा_पोर यांनी नेमकं बोट ठेवलं. ताई, दोन्ही तुकडे शेजारी ठेवून सावकाश वाचा.

शब्दांची घडण यंत्राची आहे, यात शंका नाही. ‘शिरत असे, होत असे’ अशी एकसुरी क्रियापदं, कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी अशी शिस्तीतली वाक्यं. आपण बोलताना क्रियापद आधी टाकून बाकीचं मागून जोडतो, ‘आलं पाणी आत, रात्रीचं’ असं. मूळ तुकड्यात ते आहे, दुसऱ्यात नाही. त्यामुळे संकेतस्थळाला जे दिसलं ते खोटं नव्हतं.

पण तुमच्या सदस्यांनी त्यावरून काढलेला अर्थ, म्हणजे मुलाने मुलाखत घेतलीच नाही किंवा मजकूर रचला, तो पूर्ण चुकीचा आहे. आजोबा बोलले, मुलगा तिथे होता, त्याने खरं उतरवलं. शेरा फक्त शेवटचा हात कुणाचा ते सांगतो. बोलणारा, ऐकणारा, उतरवणारा, सुधारणारा, अशी चार जणांची साखळी असते आणि मजकुरावर ठसा राहतो तो सगळ्यात शेवटच्याचा. अगदी हेच काम एखाद्या निवृत्त शिक्षकांनी ‘शुद्ध’ करून दिलं असतं, तर ‘बापूस सांगं’ तेव्हाही कदाचित गेलं असतं आणि संकेतस्थळ मात्र गप्प बसलं असतं.

आणि खरं नुकसान तिथेच आहे. आजोबा आधी म्हणतात ‘मला आठवतं’, मग स्वतःला थांबवतात: नाही, मी तेव्हा लहान होतो, वडील सांगायचे. एक माणूस आपली आठवण आणि ऐकीव गोष्ट प्रामाणिकपणे वेगळी करतोय. मौखिक इतिहासात याची किंमत सगळ्यात जास्त. चॅटबॉटने ते अडखळणं समजून पुसलं, आणि ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्यासारखी झाली. ‘उधाण’ म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती. तिची झाली नुसती ‘भरती’. पाणी आलं खाडीतून, त्याचा झाला ‘समुद्र’. यातलं काहीही एआय तपासणीत दिसत नाही. दिसतं ते फक्त मूळ प्रत शेजारी ठेवल्यावर.

संकेत_घणसोली

थोडं तांत्रिक. आवाजावरून मजकूर करणारी जी साधनं आहेत, उदाहरणार्थ सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं झालेलं व्हिस्पर, त्यांच्या पोटातही पुढचा शब्द ओळखणारं यंत्रच असतं. आवाज अस्पष्ट असला की ते ‘इथे काय असणं शक्य आहे’ यावर जास्त विसंबतं. म्हणून कुणी चॅटबॉट वापरला नसला तरी आपोआप निघालेलं शब्दांकन हा अर्धा यंत्राचाच मजकूर असतो. तपासणी करणारं यंत्र दुसऱ्या यंत्राचा अंदाज तपासतंय, असं काहीतरी होतं.

त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे न बोललेलं लिहिणं. व्हिस्परवर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अभ्यास केला. साधारण एक टक्का तुकड्यांत अख्खी वाक्यं किंवा वाक्यांश असे निघाले, जे रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हते. आणि ज्यांच्या बोलण्यात न बोललेल्या जागा लांब असतात, त्यांच्या बाबतीत हे जास्त घडत होतं. ऐंशीच्या आजी थांबून थांबून बोलतात, मधे पंख्याचा आवाज, गल्लीतला भाजीवाला. शेवंतीताई, दुसऱ्या फाइलीचं काय? उरणकडच्या आजींची?

शेवंती_नेरुळ

ती तर आणखी गोंधळाची आहे. त्या मुलीने रेकॉर्डिंग एका ॲपमध्ये घातलं, मजकूर निघाला, ‘सविस्तर मुलाखत तयार कर’ असं बटण होतं ते दाबलं. ती म्हणते, मी वाचून बघितलं, सगळं बरोबर वाटलं. रेकॉर्डिंग २३ मिनिटांचं आहे. फाइलीत सुमारे ४,४०० शब्द आहेत.

अनघा_पाचपाखाडी

थांबा, इथे संकेतस्थळाची गरजच नाही. रेकॉर्डिंगमधली कुठलीही सलग तीन मिनिटं घ्या, आजी नेहमीसारखं बोलत असतील अशी. दोघींचे मिळून शब्द मोजा आणि तीनने भागा. किती येतात?

शेवंती_नेरुळ

तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजले. मिनिटाला ८५ ते ९५. त्या फार सावकाश बोलतात.

अनघा_पाचपाखाडी

मग २३ मिनिटांत जास्तीत जास्त २,२०० शब्द होतील. फाइलीत त्याच्या दुप्पट आहेत. शब्दांकनात मजकूर घटतो, कारण पुनरुक्ती जाते. बोली प्रमाण मराठीत आणताना चार शब्द इकडेतिकडे वाढतील, पण दुप्पट होण्याला एकच कारण: कुणीतरी भर घातली. आजोबांच्या फाइलीला हाच हिशेब लावा. ५२ मिनिटं, आणि ते मिनिटाला शंभराच्या वर बोलत असतील, तर पाच हजारांच्या पुढे शब्द हवेत. फाइल त्याहून लहान असेल तर ती नेहमीची छाटणी. आकार बसला म्हणून मजकूर खरा ठरत नाही, पण बसला नाही तर विचारायला ठोस कारण मिळतं.

आता आजींच्या फाइलीत असं वाक्य शोधा जे तुमच्या मते आजी बोलूच शकणार नाहीत. त्यातले ठळक दोन-चार शब्द घेऊन रेकॉर्डिंग पूर्ण ऐका. २३ मिनिटांचंच आहे.

शेवंती_नेरुळ

काल रात्री पूर्ण ऐकलं. फाइलीत आजींच्या तोंडी असं आहे: ‘सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि त्यानंतर शेतकऱ्यांच्या जीवनात आमूलाग्र बदल घडून आला.’ रेकॉर्डिंगमध्ये आजी म्हणतात, सिडको आली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. बस. तारीख त्यांनी कुठेच सांगितलेली नाही. पुढे जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड परत देण्याच्या साडेबारा टक्के योजनेवर एक सबंध परिच्छेद आहे, तोही रेकॉर्डिंगमध्ये नाही. आणि मुलीने विचारलेले म्हणून जे प्रश्न छापलेत, त्यातले चार तिने विचारलेच नव्हते.

जुईनगरकर

पण तारीख तर बरोबर आहे ना? सिडको १९७० चीच. माहिती खरी असेल तर वाचकाचं नुकसान काय?

उरणचा_पोर

दादा, नुकसान आमचं आहे. उद्या कुणी लिहील की गावच्या म्हाताऱ्यांना साडेबारा टक्क्यांबद्दल असं वाटत होतं, आणि दाखला या आजींचा देईल. आजी त्यावर काहीच बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत, हेच कदाचित महत्त्वाचं असेल. माझ्या घरात तो विषय निघाला की आजोबा उठून ओटीवर जायचे.

प्र_द_ठाणे

मी ठाण्यातल्या एका व्याख्यानमालेचं काम बघतो, म्हणून माझी अडचण वेगळी. आम्ही भाषणं रेकॉर्ड करून पुस्तिका काढतो. गेल्या मोसमातल्या एका वक्त्यांबद्दल श्रोत्यांत कुजबुज होती की त्यांनी भाषण यंत्राकडून लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आमच्या मुलांनी रेकॉर्डिंगवरून अगदी जसंच्या तसं उतरवलं, खोकल्यासकट. एकाने ते तपासून बघितलं तर निकाल आला ‘मानवी’. म्हणजे इथे उलटंच. आता यात काय समजायचं?

शिवाय कुणीतरी मला सांगितलं की आता सगळ्या कंपन्या मजकुरात छुपी खूण घालतात, त्यावरून लगेच कळतं. ते खरं का?

संकेत_घणसोली

काका, खुणेबद्दल मी सांगतो. गूगलचं सिंथआयडी नावाचं तंत्र आहे, त्यावरचा निबंध ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात खूण अक्षरांत नसते, शब्दांच्या निवडीत असते. समान अर्थाचे दोन शब्द चालत असतील तर ठरलेल्या गुप्त नियमाने त्यातला एक जरा जास्त वेळा निवडला जातो. मजकूर पुरेसा लांब असेल तर हा कल मोजता येतो. त्यामुळे गंमत अशी की वक्त्याने शब्दन् शब्द वाचला आणि तुमच्या मुलांनी शब्दन् शब्द उतरवला, तर तत्त्वतः ती खूण तोंडातून, कानातून पुन्हा कागदावर येऊ शकते. पण वाक्यं बदलली, भाषांतर केलं, मधे स्वतःचं बोललं की ती विरळ होते. आणि ती फक्त ज्या कंपनीने घातली तिच्याच मजकुरात असते. सगळे घालतात हे खरं नाही.

आणि शेवंतीताईंच्या आजोबांच्या फाइलीत अशी खूण सापडली असती तरी निष्कर्ष तोच: शेवटचा हात यंत्राचा. बोलणं कुणाचं, ते नाही.

अनघा_पाचपाखाडी

प्र. द. काका, तुमच्याकडे साखळी उलटी आहे. लिहिणारा कदाचित यंत्र, वाचणारा माणूस, उतरवणारा माणूस. वाचताना वक्ता अडखळला, एखादा शब्द गिळला, टाळ्या आल्या म्हणून वाक्य पुन्हा घेतलं, आणि त्या सगळ्या खडबडीतपणाने मजकुरावर माणसाचा शिक्का बसला.

वाचलेलं भाषण आणि तिथल्या तिथे रचलेलं बोलणं रेकॉर्डिंगवरून बऱ्यापैकी वेगळं ओळखता येतं. वाचणारा माणूस थांबतो तो बहुधा वाक्याच्या किंवा वाक्यांशाच्या शेवटी, जिथे कागदावर विराम असतो. मनातून बोलणारा भलत्याच ठिकाणी थांबतो, नेमका शब्द हवा असतो त्याच्या आधी, ‘त्याला ते... काय म्हणतात’ असं. तो वाक्य अर्ध्यात सोडून दुसरं सुरू करतो. वाचणाऱ्याची चूक वेगळी असते: ओळ चुकते, शब्द चुकीचा वाचून लगेच तोच सुधारतो. पण काका, यातून एवढंच कळतं की ते वाचलं. लिहिलं कुणी, ते नाही. आपल्याकडे कितीतरी उत्तम वक्ते लिहून आणून वाचतात, काहींचं भाषण सचिव किंवा सहकारी लिहितात, आणि त्याला कुणी कधी हरकत घेतली नाही.

प्र_द_ठाणे

मग शेवटच्या प्रश्नोत्तरांशी तुलना केली तर? तिथे तर कागद नसतो.

अनघा_पाचपाखाडी

केलेली बरी, पण तिच्यावर भार टाकू नका. कुठल्याही माणसाचं तयार भाषण आणि प्रश्नोत्तरं यांची भाषा वेगळी असतेच. मला त्यातलं एकच उपयोगी वाटतं: भाषणात जे उदाहरण, जो तपशील आला, त्याबद्दल श्रोत्याने विचारल्यावर वक्त्याने त्यात आणखी काही घातलं का? स्वतः शोधलेल्या गोष्टीबद्दल माणूस जास्त सांगतो. तरीही एखादा दमलेला असेल, वेळ संपत आली असेल. यावरून पुस्तिकेत कुणाबद्दल काही छापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थेट त्यांनाच विचारा, मसुदा कसा तयार केलात म्हणून.

मीनल_ऐरोली

संकेत, एक शंका. मजकूर सोडून रेकॉर्डिंगवर विसंबायचं म्हणता. पण आता आवाजही हुबेहूब बनवता येतो. मग?

संकेत_घणसोली

खरं आहे. नकली आवाज ओळखण्याच्या स्पर्धा २०१५ पासून चालू आहेत आणि दर वेळी नक्कल करणारे पुढे सरकतात. माझ्या मते कॉलेजातली मुलं स्मरणिकेसाठी ५२ मिनिटांचा आगरी आवाज बनवतील ही भीती धरायचं कारण नाही. पण पुढे दस्तऐवज म्हणून ठेवायचं असेल तर मोबाइलमधली मूळ फाइल त्याच दिवशी, न कापता, न रूपांतर करता घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली नको. फाइलीचा हॅश काढून वहीत तारखेसह लिहा. कमांड एवढीच:

```
sha256sum mulakhat_01.m4a
```

फाइलीत नंतर काहीही बदललं तर हा आकडा बदलतो. हॅशने आवाज खरा ठरत नाही, फक्त त्या दिवसानंतर हात लागला नाही एवढं कळतं.

शेवंती_नेरुळ

काल मंडळाची बैठक झाली. आजोबांची मुलाखत मुलाच्या पहिल्या प्रतीवरून, बोलीतच घ्यायची, कठीण शब्दांचे अर्थ खाली द्यायचे, हे मान्य झालं. मुलाला मी स्वतः फोन करून सांगितलं. आजींची मुलाखत रेकॉर्डिंगवरून नव्याने उतरवायची, ती त्या मुलीबरोबर मी बसून करणार आहे. प्रत्येक मुलाखतीखाली लिहायचं की बोललं कुणी, उतरवलं कुणी, भाषा कुणी सुधारली, त्यासाठी साधन वापरलं का आणि रेकॉर्डिंग कुठे ठेवलंय.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. तिसरी एक फाइल आहे, संकेतस्थळाने ‘मानवी’ म्हटलेली. त्यात ‘अं’, ‘म्हणजे’, ‘बघ ना पोरी’ सगळं भरपूर आहे आणि वाचायला ती सगळ्यात गोड आहे. पण तिचं रेकॉर्डिंगच नाही. मुलगी म्हणते, फोन बिघडला. सदस्य म्हणतात, तपासणीत उत्तीर्ण झाली, घेऊन टाका.

जुईनगरकर

मग ती घ्यायला काय हरकत? मुलाखत दिलेल्या बाईंना वाचून दाखवा, त्या हो म्हणाल्या की झालं.

उरणचा_पोर

आमच्याकडची म्हातारी माणसं शिकलेल्या मुलीने वाचून दाखवलेल्या कशालाही हो म्हणतील. ‘बोलली असेन बाय’ म्हणून मोकळ्या होतील.

अनघा_पाचपाखाडी

मलाही तीच भीती आहे. वाचून दाखवू नका. दुसऱ्या कुणीतरी जावं, फाइलीतल्या दोन-तीन प्रसंगांबद्दल मोकळे प्रश्न विचारावेत आणि या वेळी रेकॉर्ड करावं. ‘त्या वर्षीच्या पुराचं सांगा’ एवढंच. प्रसंग, माणसं, जागा जुळल्या तर मजकुराला आधार मिळाला असं मी मानेन. शब्द जुळायची अपेक्षा नको, कुणीही एकच गोष्ट दोनदा त्याच शब्दांत सांगत नाही. उलट शब्दन् शब्द जुळले तर मी जास्त सावध होईन.

शेवंती_नेरुळ

त्या बाई सध्या लेकीकडे पनवेलला आहेत. रविवारी मी आणि उरणचा_पोर जाणार आहोत, त्यांनी येतो म्हटलंय. सदस्यांचं म्हणणं, मुलीला न सांगता जाणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. मला तिला सांगूनच जायचं आहे, पण मग ती आधी बाईंना फोन करेल की नाही, हे मी कसं धरू? यावर कुणी काही सुचवत असेल तर शनिवारपर्यंत लिहा.